मुरूम गेला, डाग राहिला: काळा डाग आणि खरा वण यांत गल्लत होते तेव्हा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "पिंपल जातो हो, पण डाग जातच नाही." बोलणारी व्यक्ती गव्हाळ किंवा सावळ्या रंगाची असते, चेहऱ्यावर तपकिरी ठिपके असतात आणि पिशवीत चार-पाच अर्धवट वापरलेल्या ट्यूब असतात. मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून सोलापूरकडच्या रुग्णांना बघते. ही तक्रार माझ्यासमोर इतक्यांदा आली आहे, की तिचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी शब्दांचं बघू, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. आपल्या भाषेत डाग आणि वण असे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या पिढीतल्या एखाद्या आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे वण पाहिले असतील, तर वण कशाला म्हणतात ते समजावून सांगावं लागत नाही. तिथे कातडीचा आकारच बदललेला असतो. डागात आकार तसाच राहतो, फक्त रंग बदलतो. मुरमांच्या बाबतीत मात्र लोक दोन्हींना सरसकट 'डाग' म्हणतात, इंग्रजीतून आलेला 'स्कार' हा शब्दही दोन्हींना लावतात, आणि मग डागावर वणाचा महागडा लेझर होतो किंवा वणावर वर्षभर क्रीम चोळलं जातं.

घरी करायच्या तीन तपासण्या

रात्री दिवे मालवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि ती गालाच्या बाजूला कानाजवळ धरून उजेड आडवा पडू द्या. खड्डा असेल तर त्याच्या एका काठाची सावली पडते. मग तोच उजेड समोरून सरळ टाका, किंवा फ्लॅश लावून समोरून फोटो काढा. खड्डा म्हणजे सावलीचा खेळ, त्यामुळे समोरच्या उजेडात तो जवळजवळ नाहीसा होतो. काळा डाग दोन्ही उजेडांत तसाच दिसतो, कारण तो रंग आहे.

दुसरी तपासणी बोटाची. डोळे मिटून, क्रीम न लावलेल्या कोरड्या गालावरून बोट हळू फिरवा. डागावरून जाताना बोटाला काही कळत नाही. वणावर ते किंचित आत जातं, आणि उंचवट्याच्या वणावर अडखळतं.

तिसरी, दोन बोटांनी कातडी दोन बाजूंना ताणा. रुंद, लाटेसारखा उथळ खड्डा ताणल्यावर सपाट होतो, कारण तो खालून तंतूंनी ओढला गेलेला असतो. सुईने टोचल्यासारखं अरुंद, खोल भोक ताणूनही भोकच राहतं. कडा सरळ कापल्यासारखी असलेला चौकोनी खड्डाही फारसा बदलत नाही. डाग ताणल्यावर थोडा पसरून फिका वाटतो, एवढंच.

एक तिसरा प्रकारही असतो, तो म्हणजे लाल डाग. पुळी बसल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या राहतात. गोऱ्या चेहऱ्यावर तो गुलाबी दिसतो, आपल्याकडे जांभळट-तपकिरी दिसतो, म्हणून काळ्या डागात गणला जातो. पारदर्शक काचेचा पेला त्यावर हलकेच दाबा. काचेखाली रंग फिका पडला तर तो रक्ताचा, तसाच राहिला तर मेलॅनिनचा, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचा. रक्ताच्या लाल डागावर रंग उतरवणाऱ्या क्रीमचा उपयोग होत नाही. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप विरतो.

आणि डागाच्या जागी आधी पुळी आलेलीच नसेल, दोन्ही गालांवर सारखा नकाशासारखा पट्टा असेल, तर तो बहुधा वांग असतो. त्याची वाट वेगळी आहे, तो इथे घेत नाही.

डाग पडतो कसा

मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात साधारण तेवढ्याच असतात. फरक त्या किती रंग बनवतात आणि तो कसा वाटतात यात असतो. मुरूम सुजला की त्या जागी जी रसायनं सुटतात, ती या पेशींना डिवचतात, आणि सावळ्या त्वचेतल्या पेशी आधीच जोमात असल्याने जास्तच रंग ओततात. म्हणजे डाग हा जखमेचा नसून सुजेचा हिशेब आहे. पुळी जितकी जास्त दिवस सुजली, जितकी कुरतडली गेली, तितका डाग गडद.

हा रंग वरच्या थरात राहिला तर डाग तपकिरी दिसतो, आणि वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात बदलत असल्याने तो हळूहळू उतरतो. तरी एका फेरीत जात नाही, कारण डिवचलेल्या पेशी काही काळ रंग बनवतच राहतात. म्हणून सहा महिने ते वर्ष. सूज खोल गेली असेल तर रंग तळाच्या पडद्यातून खाली गळतो आणि तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळून बसतात. असा डाग राखाडी किंवा निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं राहू शकतो. त्याला वरून लावलेलं क्रीम फारसं पोचत नाही.

वण हा वेगळाच प्रकार. सुजेने खालचा आधार, म्हणजे कोलॅजेन, खाल्ला जातो आणि भरून येताना कमी पडतो, मग खड्डा पडतो. कधी उलट जास्त भरलं जातं, मग गाठ उरते. जबडा, छाती, खांदा इथे अशा वाढत्या गाठी, म्हणजे केलॉइड, सावळ्या लोकांत जास्त दिसतात. खड्डा कोणत्याही क्रीमने भरत नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण 'खड्डे भरणारी' क्रीमं विकणाऱ्यांना ते लिहायला सोयीचं नसतं.

मग डाग जात का नाही?

बहुतेक वेळा तो जातोच. आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. २६ वर्षांची शिक्षिका, रोज स्कूटीवरून शाळेत जाणारी. सोबत आई. आईच आधी बोलली, "दोन वर्षं झाली डॉक्टर, हेच डाग आहेत, हलत नाहीत." मी कागदावर चेहऱ्याचा गोल काढला, मधे नाक, दोन डोळे, आणि तिच्या चेहऱ्यावरचे डाग त्यावर पेनाने मांडले. ३१ भरले. नव्या, सुजलेल्या पुळ्या ९. मग तिला मोबाइलमधले मागच्या दिवाळीचे फोटो काढायला सांगितले. सेल्फी नको, कारण समोरचा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करून टाकतो, म्हणून कोणीतरी दुसऱ्याने काढलेला. आकाशकंदिलाखालचा एक फोटो चांगला मिळाला. त्यात १४ डाग स्पष्ट मोजता आले. कागदाशी ताडून पाहिल्यावर त्यांतले फक्त ३ आजच्या जागांशी जुळले. बाकीचे ११ गेले होते, आणि त्यांच्या शेजारी नवे उगवले होते.

आई फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसली.

गणित साधं आहे. तिला महिन्याला साधारण ५ नव्या पुळ्या येत होत्या, पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त. प्रत्येक पुळीचा डाग सहा महिने टिकतो असं धरा. म्हणजे कोणत्याही दिवशी चेहऱ्यावर ५ गुणिले ६, तीस डाग असणारच. आता समजा उत्तम क्रीमने डाग सहाऐवजी चार महिन्यांत जायला लागला. तरीही २० डाग उरतात, आणि आरशातल्या माणसाला २० आणि ३० यांत फरक कळत नाही, क्रीम बेकार म्हणून फेकलं जातं. उलट क्रीमला हात न लावता पुळ्या महिन्याला ५ वरून १ वर आणल्या, तर सहा महिन्यांनी ६ डाग उरतात. टाकी भरून वाहते आहे आणि आपण बादलीने उपसतो आहोत. आधी नळ बंद करायला हवा.

तुमच्याबाबतीत हे खरं आहे का, ते तपासायला महिनाभर पुरतो. चेहऱ्याचा गोल काढा, डाग मांडा, प्रत्येकाला आकडा द्या. महिन्याने त्याच खिडकीत, त्याच वेळेला, मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि तुलना करा. आकडे असलेले डाग फिके होत असतील आणि बिनआकड्याचे नवे येत असतील, तर अडचण मुरमांची आहे. नवे येत नसूनही जुने तिळभर हलत नसतील आणि राखाडी दिसत असतील, तर रंग खोल गेला आहे. रंग तपकिरीच आहे, नवी पुळी नाही आणि तरी डाग गडद होत चाललाय, तर कशानेतरी रोज सूज येते आहे. ती शक्यता आपल्याकडे फार मोठी असते.

रोज डाग पाडणाऱ्या गोष्टी

या मुलीच्या पर्समधून एक ट्यूब निघाली. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, 'डागांचं क्रीम' म्हणून आणलेली. मागे बारीक अक्षरात तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. अशा मिश्रणाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि तेच फसवतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, उन्हात आग होते, गालांवर लालसरपणा राहतो, आणि एकाच मापाच्या बारीक पुळ्यांचं पीक येतं. क्रीम थांबवलं की आणखी भडका उडतो, म्हणून माणूस परत तेच लावतो. तिने ते दीड वर्ष, मधेमधे थांबवत, लावलं होतं. तुमच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल आणि ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लागत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. थांबवायचंच आहे, पण थांबवताना येणारा भडका कुणीतरी सांभाळायला हवा. आणि हायड्रोक्विनोन एकटं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तीन-चार महिने वापरणं वेगळं. वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळी छटा बसते आणि ती काढणं मुरमाच्या डागापेक्षा कितीतरी अवघड.

ट्यूबने भागेना तेव्हा तिने लिंबू आणि खायचा सोडा लावला होता. लिंबाच्या रसाने जळजळ होते, आणि तो तोंडावर ठेवून उन्हात गेलं तर लिंबातल्याच द्रव्यामुळे भाजल्यासारखा डाग पडतो. तुम्ही ज्या डागावर लिंबू चोळता, त्याच जागी तो नवा डाग बनवतो. पार्लरचं ब्लीच गालावरच्या लवेचा रंग उतरवतं, कातडीतल्या मेलॅनिनला ते पोचत नाही. नुसती चुरचूर पदरी पडते.

राहिली नखं. दिवसभर तिचा हात हनुवटीवर नसायचा, पण रात्री आरशासमोर दहा मिनिटं पुळ्या दाबण्यात जायची. दाबलेली पुळी फुटली तर पू बाहेर येतो तसा आतही पसरतो, सूज खाली जाते. वरचा तपकिरी डाग खोल राखाडी होतो तो इथे, आणि खड्डाही पडतो तो इथेच. मी तिला आरशाजवळचा प्रखर दिवा काढायला सांगितलं. हसली, पण काढला.

हनुवटीखाली ओळीने असलेल्या डागांचं कारण मात्र वेगळं निघालं: हेल्मेटचा पट्टा. घाम, घासणं आणि दाब यांनी तिथे पुळ्या येतात. पट्ट्यावर मऊ सुती कापडाचं वेष्टण आणि ते दर दोन-तीन दिवसांनी धुणं, एवढ्याने ती ओळ पुढे थांबली. कपाळावर केसांच्या रेषेशी पुळ्या असतील तर डोक्याला थापलेल्या तेलाकडे बघा.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिला महिना काहीही 'उपचार' नाही. स्टेरॉइड बंद, सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. आई अस्वस्थ झाली, पैसे देऊन फक्त थांबायला सांगतात म्हणून. तिचं चुकलं असं नाही, दुसऱ्या आठवड्यात चेहरा खरंच आधीपेक्षा वाईट दिसत होता. चौथ्या आठवड्यात आग थांबली.

मग रात्री ॲडापालीन ०.१ टक्के. अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरवर, आठवड्यातून दोन रात्री. त्रास नसेल तर एक दिवसाआड. इथे लोक दोन चुका करतात. एक, फक्त डागावर टिंब टिंब लावतात. हे औषध पुढची पुळी थांबवण्यासाठी असतं, आणि ती कुठे येणार ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळ्या चेहऱ्याला. दोन, घाई म्हणून रोज आणि जास्त लावतात. गोऱ्या माणसाला त्याने साल निघाली तर ती निघून जाते. आपल्याला ती साल काळा डाग ठेवून जाते. सावळ्या त्वचेला मुरमाच्या औषधाची जळजळही महागात पडते. सोलवटलं, चुरचुरलं की तीन-चार रात्री थांबायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापालीन नको.

दोन महिन्यांनी, चेहरा स्थिर झाल्यावर, सकाळी अझेलाइक ॲसिड १० टक्के जोडलं, पुढे २० टक्के. हे मुरमांवर आणि डागांवर दोन्हीकडे थोडं थोडं काम करतं, गरोदरपणातही चालतं, आणि न बिघडलेल्या कातडीचा मूळ रंग फारसा उतरवत नाही. सुरुवातीला थोडं टोचतं, ते बहुधा दोन आठवड्यांत कमी होतं.

सनस्क्रीनबद्दल एक गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. सावळ्या त्वचेचा डाग फक्त अतिनील किरणांनी काळवंडत नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही काळवंडतो. पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाच्या छटेचं सनस्क्रीन लागतं. त्याने डाग झाकलेही जातात, हा वरचा फायदा. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेषा, चेहरा आणि मानेला मिळून. चण्याएवढं लावलं तर लिहिलेला आकडा मिळत नाही. सोलापूरच्या उन्हात शाळेत जाताना एकदा आणि दुपारी परतण्याआधी एकदा. ओढणी बांधली तरी लावायचं.

आकडे असे गेले. तिसऱ्या महिन्यात नव्या पुळ्या महिन्याला ३, डाग अजून २६, आई नाराज. पाचव्यात पुळ्या १ किंवा २, डाग १७. आठव्या महिन्यात डाग ८, त्यातले तीन राखाडी, तेच दिवाळीच्या फोटोतले. त्या तिघांना मी काही केलं नाही. खोल रंगावर लेझर मारून नवा डाग पाडण्याचा धोका सावळ्या त्वचेत खरा असतो, आणि ते केसांच्या बटेखाली होते.

औषधं थांबवली नाहीत. डाग गेले म्हणून ॲडापालीन बंद केलं की नळ परत सुरू होतो. आठवड्यातून तीन रात्री चालू आहे.

कुठे घरचं पुरत नाही तेही सांगते. खोल, दुखणाऱ्या, आठवडे न बसणाऱ्या गाठी येत असतील, तर थांबू नका, कारण वण त्यातूनच पडतात आणि त्याला वेळेवर पोटातून औषध लागतं. जबड्याच्या रेषेवर पुळ्या, अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस असं एकत्र असेल, तर संप्रेरकांची तपासणी लागते. आणि वणाची गाठ मूळ पुळीच्या सीमेबाहेर वाढत असेल, खाजत असेल, तर ती दाबू-कापू नका. तिच्यात इंजेक्शन देतात, आणि लवकर दिलेलं जास्त उपयोगी पडतं.

आठव्या महिन्यात ती एकटीच आली. उजव्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "डॉक्टर, हा खड्डा नवीन आहे का?" नवीन नव्हता. पहिल्या दिवशी काढलेल्या कागदावर मी तिथे 'ख' लिहून ठेवला होता, दोन ठिकाणी. डागांच्या गर्दीत तो तिला दिसलाच नव्हता. ताणल्यावर दोन्ही सपाट होत होते, म्हणजे लाटेचा प्रकार, आणि तिथे सुईने खालचे तंतू सोडवण्याचा उपाय चालतो. तो करायचाच झाला तर पुळ्या निदान सहा महिने शांत राहिल्यावर, उन्हाळा टाळून, आणि आधी एकाच खड्ड्यावर करून बघायचा. पूर्ण सपाट होत नाही, उथळ होतो, हे मी आधीच सांगितलं. तिने गाल परत एकदा ताणून पाहिला आणि म्हणाली, दिवाळीनंतर बघू.